निवेदकाशिवाय पहिली पाच मिनिटं

अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवाकडे २०२४ साली १७,४३५ चित्रपट आले होते. त्यातले ४,४१० पूर्ण लांबीचे होते. जगभरच्या माहितीपटांसाठी या महोत्सवात जी स्पर्धा असते, तिच्यात जागा असतात साधारण दहा. या दोन आकड्यांच्या मधे जी माणसं बसलेली असतात, त्यांना महोत्सवाच्या भाषेत प्रोग्रॅमर म्हणतात. त्यांच्याही आधी बहुतेक ठिकाणी प्राथमिक चाळणी करणाऱ्यांची एक फळी असते. संध्याकाळी दिवसभराचं काम आटोपून, घरच्या लॅपटॉपवर, कानात हेडफोन घालून ही मंडळी एकामागून एक फिल्म बघतात, गुण देतात आणि दोन-चार ओळींचा शेरा लिहितात. त्यांना तुमचं गाव ठाऊक नसतं, भाषा येत नसते आणि सोबत पाठवलेलं दिग्दर्शकाचं मनोगत त्यांनी वाचलेलं असेलच असं नाही.

अशा प्रेक्षकासमोर पहिली पाच मिनिटं कशी रचायची, हा माहितीपट करणाऱ्यांचा जुना प्रश्न आहे. निवेदक नसेल तर तो आणखी अवघड होतो. प्रोग्रॅमर फिल्म नाकारायला टपलेली असते असा एक समज आहे. वस्तुस्थिती उलट आहे. तिला पुढे निवड समितीच्या बैठकीत एखाद्या फिल्मची बाजू मांडायची असते. त्यासाठी तिला सहकाऱ्यांना सांगता येईल असं एक वाक्य हवं असतं: ही फिल्म अमुक माणसाची आहे, त्याच्यापुढे तमुक पेच आहे आणि ती अशा-अशा तऱ्हेने सांगितली आहे. पहिल्या पाच मिनिटांत हे वाक्य तिच्या मनात आकार घेऊ लागलं, तर ती पुढचा तासभर खुशीने देते. ते झालं नाही तर ती बघत राहते खरी, पण तिचा एक हात फोनकडे गेलेला असतो.

निवेदक नेमकं काय करत होता?

मराठी प्रेक्षकांच्या एका पिढीने माहितीपट पाहिला तो थिएटरात, मुख्य चित्रपटाच्या आधी. १९४८ साली सुरू झालेल्या फिल्म्स डिव्हिजनच्या त्या पटांमध्ये एक धीरगंभीर पुरुषी आवाज धरणं, पिकं, पूर आणि पंचवार्षिक योजना समजावून द्यायचा. त्या आवाजाची थट्टा करणं सोपं आहे, पण तो चार कामं एकट्याने उरकत असे. आपण कुठे आणि कधी आहोत हे तो सांगायचा. समोरचा माणूस कोण हे सांगायचा. हे बघणं का महत्त्वाचं आहे याचे आकडे द्यायचा. आणि चौथं काम न बोलता करायचा: घाबरू नका, तुम्हाला नेणारं कुणीतरी आहे, हा भरवसा द्यायचा.

फिल्म्स डिव्हिजनमध्येच त्या आवाजाला फाटा देणारे लोकही होते. एस. सुखदेव यांनी ‘इंडिया ६७’ हा पट समालोचनाशिवाय, केवळ दृश्यं आणि ध्वनी यांच्या जोरावर उभा केला. म्हणजे निवेदक काढणं ही काही आज परदेशातून आलेली फॅशन नव्हे.

निवेदक काढून टाकला तरी ही चार कामं उरतातच. नवखा दिग्दर्शक त्यातली पहिली तीन कामं घाईने दुसऱ्या कुणाच्या तरी गळ्यात मारतो. मुलाखतीतला आवाज उचलून शेताच्या दृश्यांवर टाकतो किंवा काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत चार-पाच पाट्या लावतो. दोन्हींमध्ये निवेदक मागच्या दाराने आत आलेला असतो, फक्त त्याने कपडे बदललेले असतात. अनुभवी संकलक निराळा हिशेब करतो. पहिली तीन कामं थांबू शकतात. प्रेक्षक दहा मिनिटंसुद्धा गावाच्या नावावाचून राहू शकतो. चौथं काम मात्र पहिल्या मिनिटापासून लागतं. काय सांगायचं आणि काय राखून ठेवायचं हे करणाऱ्याला पक्कं ठाऊक आहे, असा विश्वास वाटला की न कळलेल्या गोष्टींचा प्रेक्षकाला त्रास होत नाही, उलट त्यांच्याबद्दल कुतूहल वाटतं. तो विश्वास वाटला नाही तर त्याच गोष्टी त्याला गोंधळ वाटतात.

‘हनीलँड’ची सुरुवात

या कलेचा अलीकडचा उत्तम नमुना म्हणजे उत्तर मॅसिडोनियातला ‘हनीलँड’. तमारा कोतेव्स्का आणि ल्युबोमिर स्तेफानोव्ह यांच्या या माहितीपटाला २०१९ च्या सनडान्समध्ये तीन पुरस्कार मिळाले. पुढे ऑस्करसाठी त्याला माहितीपट आणि आंतरराष्ट्रीय चित्रपट या दोन्ही विभागांत नामांकन होतं. हे दोघं मुळात त्या भागातल्या निसर्गसंवर्धनावर एक छोटी फिल्म करायला गेले होते. तिथे त्यांना हातिजे मुरातोवा भेटली. ओसाड पडलेल्या खेड्यात अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या आईसोबत राहणारी, जुन्या पद्धतीने मधमाश्या पाळणारी ही बाई. चित्रीकरण तीन वर्षं चाललं आणि चारशे तासांहून अधिक फुटेज जमलं.

आता सुरुवात बघा. उजाड माळरानावरून पिवळा सदरा आणि डोक्याला रुमाल अशा वेशातली एक बाई चालत येते. ती डोंगर चढते. कड्याच्या अरुंद कंगोऱ्यावरून, एका बाजूला खोल दरी असताना, ती सरावाच्या पावलांनी पुढे जाते. खडकातली एक शिळा बाजूला करते. आत पोळं आहे. मधाने भरलेले कप्पे ती उघड्या हातांनी अलगद बाहेर काढते. संवाद जवळजवळ नाहीत आणि पाटीवर माहिती नाही. वारा, पावलं आणि माश्यांची गुणगुण एवढ्यावर दृश्य उभं राहतं.

निवेदकाच्या कामांपैकी यात काय काय झालं ते मोजून पाहू. जागा कळली: झाडं विरळ, वस्ती नाही, कडे उभे. माणूस कळला: ही बाई एकटी आहे, निर्भय आहे आणि हे काम तिने शेकडो वेळा केलेलं आहे. पणाला काय लागलंय तेही कळलं, कारण पाय घसरला तर ती दरीत जाईल आणि एवढ्याशा मधासाठी ती तो धोका पत्करते आहे. मॅसिडोनिया, तिथला तुर्की भाषक समाज, रानटी माश्यांचं पर्यावरणातलं स्थान यातलं मात्र काहीच सांगितलेलं नाही. ते कळण्याची गरज अजून निर्माणच झालेली नाही.

कड्यावरचं दृश्य झालं की फिल्म आपल्याला झोपडीत नेते, जिथे मिणमिणत्या उजेडात म्हातारी आई पडून आहे. कड्यावर बिनधास्त चालणारी बाई इथे आईची लेक होते. बाहेरचा मोकळा उजेड आणि आतला कोंदट अंधार यांच्यातल्या एका कटने हातिजेचं सगळं आयुष्य मांडलं. मध अर्धा आपण घ्यायचा आणि अर्धा माश्यांसाठी ठेवायचा, हा तिचा नियम पुढे येतो. शेजारी राहायला आलेलं कुटुंब तो नियम मोडतं आणि फिल्मचा संघर्ष तिथून पेटतो. पण त्याची पूर्वतयारी सुरुवातीलाच झालेली असते, कारण मध काढताना तिचे हात किती हलके आहेत हे आपण पाहिलेलं असतं.

या फिल्मच्या संकलनातली एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. हातिजे जी जुन्या वळणाची तुर्की बोलते, ती दिग्दर्शकांना समजत नव्हती. त्यामुळे संकलनाच्या पहिल्या टप्प्यात त्यांनी संवादांवर भिस्त न ठेवता नुसत्या दृश्यांवरून कथा लावली. भाषा येत नसताना जे समजतं तेच आधी जोडलं गेलं. परदेशी प्रोग्रॅमरही नेमकी त्याच अवस्थेत फिल्म बघत असते.

आणखी दोन वाटा

प्रत्येक फिल्मला कडा आणि पोळं मिळत नाही. ज्यांन्फ्रांको रोसी यांच्या ‘फायर ॲट सी’ला २०१६ साली बर्लिनमध्ये गोल्डन बेअर मिळालं. लाम्पेदुसा या इटालियन बेटावर समुद्रमार्गे येणारे निर्वासित हा तिचा विषय. रोसी सुरुवातीला थोडक्या ओळींची पाटी देतात: बेट केवढं आहे, वीस वर्षांत किती लाख लोक आले, किती हजार बुडाले. आणि लगेच दाखवतात बेटावरचा एक पोरगा, झाडावर चढून गलोलीसाठी बेचक्याची फांदी शोधताना. त्यानंतर रात्र, रेडिओ यंत्रणा आणि बुडणाऱ्या नावेवरून आलेली मदतीची हाक. पलीकडून तटरक्षक पुन्हा पुन्हा विचारतो, तुम्ही नेमके कुठे आहात? पाटीतला आकडा आणि गलोलीतला पोरगा यांचा संबंध रोसी सांगत नाहीत. तो जोडण्याचं काम प्रेक्षकाकडे सोपवतात, आणि ज्याला काम मिळतं तो उठून जात नाही. पाटी वापरावी की नाही हा वाद इथे मिटतो: पाटीने माहिती द्यावी, अर्थ देऊ नये.

शौनक सेन यांच्या ‘ऑल दॅट ब्रीद्स’ला २०२२ साली सनडान्सचा मोठा पुरस्कार आणि कानमध्ये माहितीपटाचं पारितोषिक मिळालं. जखमी घारींवर उपचार करणाऱ्या दिल्लीतल्या दोन भावांची ही गोष्ट. पण तिची सुरुवात भावांवर नाही की घारींवरही नाही. रात्रीची वेळ, कचऱ्याने भरलेली मोकळी जागा आणि जमिनीलगत संथपणे सरकणारा कॅमेरा. उंदरांची झुंबड, मागे वाहनांचे दिवे. शॉट लांबतच जातो. इथे कुणाची ओळख होत नाही, पण बघायचं कसं हे समजतं. ही फिल्म माणसाच्या उंचीवरून बघणार नाही आणि घाईही करणार नाही, असा करार पहिल्या शॉटमध्ये झाला. भावांचा आवाज पुढे दृश्यांवर येतो, पण तो आठवणींच्या आणि विचारांच्या सुरात असतो. माहिती पुरवण्याचं काम त्याच्यावर नाही.

एक उदाहरण, टाइमलाइनवर

आता आपल्याकडचा एक विषय घेऊन प्रत्यक्ष रचना करून पाहू. समजा, बीड जिल्ह्यातल्या एका ऊसतोड कुटुंबावर पाऊण-एक तासाचा माहितीपट आहे. उदाहरण कल्पित आहे, पण अशा कुटुंबांसोबत हंगामभर राहणाऱ्या कुणाच्याही रशेसमध्ये या गोष्टी सापडतील. नवरा-बायको, अकरा वर्षांची मुलगी आणि गावात मागे राहणारी आजी. मुकादमाकडून उचल घ्यायची, दिवाळीच्या सुमारास ट्रॉलीत बसून निघायचं, कारखान्याच्या परिसरात कोपी घालून राहायचं आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परत यायचं, हा दरवर्षीचा क्रम.

सवयीने केलेला पहिला रफ कट बहुधा असा असतो. निर्मात्यांचे आणि मदत करणाऱ्या संस्थांचे लोगो, पंचवीस सेकंद. उसाच्या हिरव्या समुद्रावरून ड्रोन, खाली बासरी, चाळीस सेकंद. मग झटपट दृश्यांची माळ: कोयते, भेगाळलेल्या टाचा, धुराडं, रडणारं मूल. त्यावर तीन आवाज: एक कार्यकर्ता, एक डॉक्टर, एक मजूर बाई. मग आकड्यांच्या चार पाट्या. चौथ्या मिनिटाला फिल्मचं नाव. हे सगळं खरं आहे, आणि तरी त्यात कुणीही नाही. हा कट बघून प्रोग्रॅमर शेरा लिहील, ऊसतोड कामगारांवरची फिल्म. त्यात विषय आला, माणूस आला नाही. या विषयावरची दुसरी फिल्म त्याच आठवड्यात तिच्याकडे आली तर दोन्हींतला फरक तिला सांगता येणार नाही.

आता दुसरी रचना. लोगो शेवटी टाकले. पहिला शॉट घरापुढच्या अंगणात, पहाटेच्या अर्धवट उजेडात. बाई बोचकं बांधते आहे. तवा, परात, पिठाचं पोतं, जुन्या लुगड्यात गुंडाळलेले दोन कोयते. त्यावर ती शाळेचं दप्तर ठेवते. आजी येते, दप्तर उचलून घरात नेते. बाई काही बोलत नाही. थोड्या वेळाने ती आत जाऊन दप्तर परत आणते आणि पोत्याच्या खाली सरकवते. मुलगी उंबऱ्यावर बसून हे बघते आहे. मिनिट-सव्वा मिनिटाचं हे दृश्य, त्यात एकही शब्द नाही. मुलगी जाणार की राहणार हा प्रश्न जगातल्या कुठल्याही माणसाला इथे पडतो.

दीड मिनिटाच्या सुमारास मोटरसायकलचा आवाज ऐकू येतो. आवाज आधी आणि चित्र नंतर, म्हणजे अंगण अजून दिसत असतानाच बाहेरचं जग आत शिरतं. मुकादम येतो, वही उघडतो. मागच्या सालची बाकी वाचतो, ती धरून नवी उचल मांडतो. नोटा मोजल्या जातात. मग तो पेनाने आधी नवऱ्याकडे, मग बायकोकडे बोट करतो आणि म्हणतो, “एक कोयता.” दोन माणसं उभी आहेत आणि वहीत एक आकडा चढतो. नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता धरली जाते, हे सांगायला निवेदकाला दोन वाक्यं लागली असती. इथे पेनाच्या टोकाने ते काम केलं. इंग्रजी सबटायटलमध्ये ‘कोयता’ हा शब्द तसाच ठेवायचा. पहिल्या दृश्यात लुगड्यात गुंडाळलेले कोयते दिसलेले आहेत, त्यामुळे परका प्रेक्षकही तो शब्द पकडतो. या दृश्यात आणखीही बोलणं असेल, ते कापायचं. माणूस सबटायटल वाचतो तेव्हा चेहरा बघत नाही. सेकंदाला पंधरा-सतरा अक्षरांपेक्षा जास्त मजकूर आला, की डोळे तळाच्या ओळीवरच अडकून राहतात. पहिल्या पाच मिनिटांत मोजकी वाक्यं असावीत आणि त्यातलं एक लक्षात राहावं. इथे ते आहे, “एक कोयता.”

तिसऱ्या मिनिटाला संध्याकाळ. ट्रॅक्टर-ट्रॉली गावच्या रस्त्यावर उभी आहे, सामान चढतं आहे, घरांना कुलपं लागताहेत. कॅमेरा ट्रॉलीच्या आतून एकाच जागी उभा राहतो, म्हणजे कोण चढलं आणि कोण खाली राहिलं हे कट न करता दिसतं. आजी खाली उभी आहे. मुलगी आजीजवळ आहे. इंजिन सुरू होतं. इथे कट, काळा पडदा, फिल्मचं नाव आणि एकच पाटी: दरवर्षी मराठवाड्यातून लाखो माणसं सहा महिन्यांसाठी ऊसतोडीला जातात. पाटी इथपर्यंत थांबवण्याचं कारण आहे. पहिल्या सेकंदाला हीच ओळ नुसती माहिती झाली असती. आता प्रेक्षक एका घराला ओळखतो, त्यामुळे ‘लाखो’ हा शब्द त्याला जड वाटतो.

पाचव्या मिनिटाला सकाळ. हायवे, वारा, ट्रॉलीत दाटीने बसलेली माणसं. कॅमेरा चेहऱ्यांवरून सरकत जातो आणि थांबतो मुलीवर. तिने शाळेचा गणवेश घातला आहे. एका प्रश्नाचं उत्तर मिळालं आणि त्याच शॉटमध्ये दुसरा, मोठा प्रश्न उभा राहिला. प्रोग्रॅमरच्या मनातलं वाक्यही तयार झालं: दोघांची एक कोयता म्हणून नोंद होणाऱ्या घरातली मुलगी दप्तर घेऊन ऊसतोडीला निघाली आहे.

हे दृश्य कुणाकडून करवून घ्यायचं नाही, ही इथली मोठी अट. आजीने दप्तर काढलं नसेल तर तिला काढायला सांगायचं नाही. रशेसमध्ये ते नसेल, तर दुसरी अशी एखादी कृती शोधायची की जिच्यात कुणाला तरी काहीतरी हवं आहे आणि ते मिळेल की नाही हे ठरलेलं नाही. म्हणूनच सुरुवात कागदावर लिहून सापडत नाही. अनेक संकलक ती मुद्दाम उशिरा, फिल्मचा मधला आणि शेवटचा भाग उभा राहिल्यावर बांधतात. फिल्म कशाची आहे हे तोवर त्यांनाही नीट कळलेलं नसतं.

ऐकू येणारा पत्ता

निवेदक गेला म्हणजे आवाजाचं काम कमी झालं असं नाही, उलट ते वाढतं. स्थळ-काळ सांगायला आसपासचे आवाज उपयोगी पडतात. एसटी स्टँडवरची घोषणा गाडी कुठून कुठे जाते ते सांगते. शाळेतली प्रार्थना सकाळ सांगते, लाउडस्पीकरवरचं गाणं सण सांगतं. चहाच्या टपरीवरच्या रेडिओतली बातमी साल सांगून जाते. हे सगळं चित्रीकरणाच्या वेळी वेगळं ध्वनिमुद्रित करून ठेवावं लागतं. प्रत्येक ठिकाणी कुणीही न बोलता निदान एक-दोन मिनिटं नुसता परिसराचा आवाज घ्यायचा, ही शिस्त जे पाळत नाहीत त्यांना संकलनाच्या टेबलावर मग बासरी शोधावी लागते.

पार्श्वसंगीताचा धोका असा, की ते प्रेक्षकाला काय वाटायला हवं हे आधीच सांगून टाकतं. पहिल्या दृश्यावर करुण सूर लावले की बोचकं बांधणारी बाई बिचारी होते. आपण पाहिलेली बाई तर हट्टी आहे. तिने दप्तर पोत्याखाली लपवलं. संगीत हवंच असेल तर ते नावाच्या पाटीनंतर येऊ द्यावं.

बरेच महोत्सव पूर्ण न झालेली फिल्मही स्वीकारतात. रंगसंस्कार राहिलेत, ध्वनीचं अंतिम मिश्रण बाकी आहे, असं कळवलेलं असलं की चालतं. तरी निदान पहिल्या पाच मिनिटांचा ध्वनी नीट करूनच पाठवावा. हललेलं चित्र प्रोग्रॅमर माफ करते, कधी कधी तो शैलीचा भाग समजते. पण हेडफोनमध्ये प्रत्येक कटला आवाजाची पातळी उडी मारत असेल, लेपल माइकवर कापड घासत असेल, तर करणाऱ्याचा हात बसलेला नाही असाच निष्कर्ष निघतो.

चाललंय की नाही, कसं ओळखायचं?

आपल्याच फिल्मची सुरुवात आपल्याला कधीच नवी वाटत नाही. त्यामुळे विषयाशी संबंध नसलेली चार-पाच माणसं बसवावीत, तीही थिएटरात नव्हे, एकेकट्याने, लॅपटॉपवर. बरोबर पाच मिनिटांनी फिल्म थांबवायची आणि “आवडलं का?” हे विचारायचं नाही. विचारायचं ते असं: ही कुणाची गोष्ट आहे? त्या माणसाला काय हवंय किंवा कशाची भीती आहे? पुढे काय होईल असं वाटतं? पहिल्या प्रश्नाला सगळ्यांचं उत्तर एकच यायला हवं. ते वेगवेगळं आलं तर सुरुवातीत माणसं जास्त झाली आहेत. तिसऱ्या प्रश्नाची उत्तरं वेगवेगळी आली तर उत्तम. सगळ्यांनी एकच अंदाज केला तर आपण फार सांगून बसलो आहोत. “माहीत नाही” असं खांदे उडवून उत्तर आलं तर फार कमी सांगितलं आहे.

दोन चाचण्या घरच्या घरी होतात. एकदा आवाज बंद करून बघायचं. मग चित्र न बघता नुसती सबटायटलची फाइल वाचून काढायची. आवाजाशिवाय काहीच कळत नसेल तर दृश्यं सजावटीपुरती आहेत. नुसती सबटायटल वाचून सगळं कळत असेल तर आपण चित्रांची जोड दिलेलं भाषण लिहिलं आहे. निवेदक नसला तरी ते निवेदनच.

पाच मिनिटांनंतरचं देणं

चांगल्या सुरुवातीचाही एक तोटा आहे: तिच्यातून वचन जातं. ‘हनीलँड’ने कड्यावर जे मांडलं ते पुढे तासभर फेडलं. आपल्या उदाहरणातली फिल्म दहाव्या मिनिटाला मुलीला सोडून साखरधंद्याच्या अर्थकारणाकडे वळली, तर प्रोग्रॅमरला फसवल्यासारखं वाटेल आणि शेऱ्यात ती लिहील की पुढे फिल्म हातातून निसटते. फिल्म अर्थकारणाचीच असेल तर दप्तराचं दृश्य कितीही हलवणारं असलं तरी ते सुरुवातीला घेऊ नये. मग सुरुवात मुकादमाच्या वहीपासून व्हावी.

आणि एक मोह टाळायला हवा. चारशे तासांच्या फुटेजमधलं सर्वांत वेदनादायक दृश्य उचलून पहिल्या मिनिटात लावलं की लक्ष वेधलं जातं, यात शंका नाही. पण ज्या माणसाला आपण अजून ओळखत नाही त्याचं रडणं प्रेक्षकाच्या दृष्टीने कुणाचंही रडणं असतं. अनुभवी प्रोग्रॅमरने अशा सुरुवाती इतक्या पाहिलेल्या असतात की तिला त्यात करणाऱ्याची घाई दिसते. ज्यांच्या अंगणात आपण कॅमेरा लावला, त्यांना ही पाच मिनिटं महोत्सवाच्या आधी दाखवावीत. आजी पडद्यावर स्वतःला दप्तर उचलताना बघून काय म्हणते, ते ऐकल्यावरच लिंक पाठवावी. तिला ते दृश्य पटलं नाही तर रशेसकडे परत जायचं आणि पहिला शॉट पुन्हा शोधायचा.